एकाच रंगाची दोन कापडं

अमरावतीची आई गणवेशवाल्याला पत्र लिहीत होती. शेजारी अकोल्याहून आलेला तिचा भाऊ बसला होता. तो शाळांचे गणवेश शिवतो.

“लेकीच्या काखेच्या कडेला, कोपराच्या आत अन् मांड्यांवर पुरळ आलं,” तिनं वाचून दाखवलं. “कापड खराब हाये.”

“खराब काहून म्हणते? नवं कापड खळीसकट येते. धुतलं का?”

“धुतलं ना. शनिवारी सुती पीटी ड्रेस घालते, तेव्हा खाज नाई. लेबल लागते तिथं बी काही नाई. घाम अन् घासणं जिथं, तिथंच पुरळ.”

“मग हेच लिह. ‘खराब’ लिहिलं की दुकानदार म्हणते, बाकीच्या पोरांले काही होत नाई.”

त्यानं शिवणीच्या आतल्या कापडाचा एक धागा ओढून पेटत्या काडीवर धरला. धागा आकसला, वितळला, टोकाशी काळा, कडक मणी उरला. नुसतं सूत असतं तर कागदासारखं जळून राख झाली असती. सूत हवेतला ओलावा वजनाच्या आठेक टक्के धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे घाम कापडात जिरत नाही, कातडीवरच राहतो.

“अन् गडद निळा रंग?”

“पॉलिस्टरमधला रंग नुसता मुरवलेला राह्यते, घामासंगं थोडा अंगावर उतरू शकते. त्याची अ‍ॅलर्जी हाये का, ते कातडीचा डॉक्टर पाठीवर पट्ट्या चिकटवून सांगते. पत्रात तू रंगाचा दोष काढू नको.”

“बरं. मागू काय? सगळ्यांसाठी सुती?”

“सुती महाग, चुरगळते, रोज इस्त्री मागते. आमच्याकडं टेरिकॉटचा शर्ट मोठ्याचा धाकट्यावर जाते. तुझ्या लेकीच्या कातडीसाठी त्या पोरांच्या मायनं दरसाली नवा का घ्यावा?”

“मग एकट्या माझ्या लेकीसाठी, त्याच रंगाचं सुती. जास्तीचे पैसे मी देतो.”

“दे. पण सुताचा निळा धुऊन धुऊन फिका पडते, पॉलिस्टरचा तसाच राह्यते. दिवाळीनंतर प्रार्थनेच्या रांगेत दुरून कळन, कोणाच्या घरी पैसे हायेत.”

ती थांबली. युक्तिवाद खोटा नव्हता. पण तो पुरळ आलेल्या अंगाच्या बाजूनं बोलत नव्हता, आणि मला वाटतं, समतेचा मुद्दा असा दुसऱ्याच्या कातडीवर मांडणं फार सोपं असतं.

“दादा, रांग सारखी दिसावी म्हणून हिनं दिवसभर खाजवावं?”

“तसं म्हणत नाई मी. नुसतं मागू नको, नियम माग. बिलावर सूत किती, पॉलिस्टर किती हे लिहा म्हणा. अन् डॉक्टरची चिठ्ठी आणन त्या पोराले त्याच भावात सुती.”

“त्याच भावात दुकानदार काहून देईन?”

“नाई देणार. म्हणून एक प्रत मुख्याध्यापकांले. कापड शाळाच ठरवते, तो नाई.”

तिनं ‘खराब’ खोडलं. ‘त्याच भावात’ लिहिलं, आणि फरकाचे पैसे कोण भरणार यावरून दोघं पुन्हा सुरू झाले.