एका पावलात चालणाऱ्या लाटा

आपल्या आकाशगंगेच्या केंद्राजवळ एस-२ नावाचा तारा आहे. सुमारे १६ वर्षांत तो एका अदृश्य वस्तूभोवती लंबवर्तुळात एक फेरी पूर्ण करतो. या कक्षेवरूनच कळले की त्या अदृश्य वस्तूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४० लाखपट आहे आणि ते इतक्या लहान जागेत कोंडलेले आहे की कृष्णविवराखेरीज दुसरे स्पष्टीकरण टिकत नाही. त्यासाठी राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधाबद्दल बरेच लिहून झाले आहे. मला त्यातला एक आकडा महत्त्वाचा वाटतो. ही कक्षा आपल्याला आकाशात जेवढी दिसते, तिची लांबी पाव विकलाही भरत नाही. एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे विकला. उत्तम वेधशाळेतल्या उत्तम रात्रीसुद्धा हवेमुळे ताऱ्याचा ठिपका अर्ध्या विकलाएवढा पसरतो. म्हणजे ज्या कक्षेवरून कृष्णविवर सिद्ध झाले ती सगळी कक्षा एका साध्या ठिपक्याच्या पोटात मावते.

मग ती दिसली कशी?

मोठा आरसा जास्त प्रकाश गोळा करतो, म्हणून जास्त दिसते, असे उत्तर सहसा मिळते. ते खरे आहे, पण अर्धेच. जास्त प्रकाशामुळे मंद तारे दिसतात. जवळजवळचे दोन तारे वेगळे दिसण्याशी प्रकाशाच्या प्रमाणाचा संबंध नाही. भिंगे बदलून प्रतिमा कितीही मोठी केली तरी पुसट ठिपका मोठा पुसट ठिपका होतो, एवढेच. बारकावा येतो तो आरशाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतच्या अंतरातून.

ताऱ्यावरून आलेल्या प्रकाशलाटा आरशाच्या प्रत्येक भागावर पडतात. आरशाचा आकार असा घडवलेला असतो की या सगळ्या भागांवरून परतलेल्या लाटा नाभीत एकाच वेळी, शिखरावर शिखर ठेवून पोहोचतात. त्या एकमेकींत मिळवल्या जातात आणि तिथे तेजस्वी बिंदू उमटतो. आता नाभीपासून किंचित उजवीकडे सरका. तिथे पोहोचायला आरशाच्या डाव्या कडेवरून आलेल्या लाटेला थोडे जास्त अंतर पडते आणि उजव्या कडेवरच्या लाटेला थोडे कमी. हा फरक पूर्ण एका तरंगलांबीएवढा झाला की काय होते? आरशाचे मनातल्या मनात दोन अर्धे भाग करा. डाव्या अर्ध्यातल्या प्रत्येक बिंदूला उजव्या अर्ध्यात असा जोडीदार सापडतो, ज्याची लाट बरोबर अर्ध्या तरंगलांबीने मागेपुढे आहे. एकाचे शिखर दुसऱ्याच्या दरीवर पडते आणि दोन्ही विझतात. तिथे अंधार होतो. तेजस्वी बिंदूची कड म्हणजे हाच अंधार.

आरसा जितका रुंद, तितका कडांमधला हा फरक लवकर साचतो, म्हणजे नाभीपासून अगदी थोडे सरकले तरी लाटा विझू लागतात आणि ठिपका लहान होतो. गणिताने तो कोन तरंगलांबी भागिले आरशाचा व्यास इतका येतो. आरसा गोल असल्याने कडेकडचा भाग कमी असतो, म्हणून त्याला १.२२ ने गुणावे लागते. जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये हे मांडले. ही विवर्तनमर्यादा. आरसा कितीही काळजीने घासला तरी ती ओलांडता येत नाही, कारण तो आरशाचा दोष नाही. प्रकाश लाट आहे, याचाच तो परिणाम आहे.

हवाईतल्या माउना केआ पर्वतावरच्या केक दुर्बिणीसाठी हिशोब करू. तिचा आरसा १० मीटर, ३६ षटकोनी तुकड्यांचा. गेझ यांचा चमू ज्या अवरक्त प्रकाशात पाहत असे त्याची तरंगलांबी सुमारे २.२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-सव्वादोन पट. उत्तर येते ०.०५५ विकला. मुंबईत बसून पुण्यातले एखादे लहान लिंबू पाहिले तर ते एवढ्या कोनात मावेल. एस-२ च्या कक्षेत असे चार ठिपके शेजारी शेजारी बसतात, म्हणून कक्षा आखता येते. हबल दुर्बीण हवेच्या वर असली तरी तिचा आरसा २.४ मीटरचाच आहे. याच तरंगलांबीला तिचा ठिपका ०.२३ विकलाचा येतो, म्हणजे जवळजवळ अख्ख्या कक्षेएवढा. दुर्बीण अवकाशात नेली की प्रश्न सुटला, असे म्हणणाऱ्यांनी ही भागाकाराची गोष्ट विसरू नये.

पण हा बारकावा केकला आपोआप मिळत नव्हता. हवेची प्रकाश वाकवण्याची क्षमता, म्हणजे अपवर्तनांक, तापमानाप्रमाणे बदलते. एक मीटर जाडीचा हवेचा पट्टा शेजारच्या पट्ट्यापेक्षा एक अंश सेल्सिअसने गरम असेल, तर त्यातून येणारी लाट साधारण एक मायक्रॉनने पुढे जाते. हिरव्या प्रकाशाच्या दृष्टीने या दोन पूर्ण तरंगलांबी झाल्या. आणि वर हवा तर कित्येक किलोमीटर आहे, गरम-थंड गोळ्यांनी भरलेली, वाऱ्याबरोबर वाहणारी. ताऱ्यावरून सपाट निघालेली लाट आरशापर्यंत येताना चुरगळते. तुकड्यातुकड्यांत ती अजूनही सपाट असते. दृश्य प्रकाशात चांगल्या रात्री असा तुकडा साधारण १५ सेंटिमीटरचा असतो. त्याहून मोठ्या आरशाच्या वेगवेगळ्या भागांवर पडणाऱ्या लाटा एका पावलात नसतात आणि नाभीत एकमेकींना साथ देत नाहीत. म्हणून बारकाव्याच्या हिशोबात १९४८ चा पालोमारचा ५ मीटरचा आरसा, लांब वेळ उघडा ठेवला की, हौशी निरीक्षकाच्या १५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीच्या पुढे जात नव्हता. तो जास्त प्रकाश घेई, पण जास्त बारीक पाहत नसे. न्यूटनने १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मध्ये यावर एकच उपाय सांगितला होता: उंच पर्वतमाथ्यावरची शांत हवा. पुढची जवळपास अडीचशे वर्षे खगोलशास्त्राला दुसरा उपाय नव्हता.

१९५३ मध्ये अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी धाडसी कल्पना मांडली. लाट कशी चुरगळली आहे ते मोजा आणि प्रकाशाच्या वाटेत नेमका उलटा चुरगळलेला आरसा ठेवा. त्यांनी सुचवलेला आरसा तेलाच्या पातळ थराचा होता. इलेक्ट्रॉनांच्या झोताने त्या थराला उंचसखल करायचे होते. त्या काळच्या साधनांनी हे करता आले नाही, कारण चुरगळण्याचा नकाशा काही मिलिसेकंदांत जुना होतो. पुढे अमेरिकी लष्कराने उपग्रहांवर नजर ठेवण्यासाठी हे तंत्र गुप्तपणे वाढवले. १९९१ मध्ये त्यातले बरेचसे काम खुले झाले.

आजची अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स यंत्रणा अशी चालते. नाभीकडे जाणारा प्रकाश आधी एका पातळ, लवचीक आरशावर पडतो. त्याच्या पाठीला शेकडो छोटे ढकलदांडे असतात (केकच्या पहिल्या यंत्रणेत ३४९) आणि ते पृष्ठभाग मायक्रॉनांनी पुढेमागे करतात. तिथून प्रकाशाचे दोन भाग होतात. अवरक्त भाग कॅमेऱ्याकडे जातो आणि दृश्य भाग मापकाकडे. मापकात बारीक भिंगांची जाळी असते. प्रत्येक भिंग आरशाच्या एकेका तुकड्यातून आलेल्या प्रकाशाचा स्वतंत्र ठिपका पाडते. लाट त्या तुकड्यात कलली असेल तर ठिपका जागचा हलतो. सगळ्या ठिपक्यांचे हलणे एकत्र करून संगणक लाटेचा उंचसखल नकाशा बांधतो आणि आरशाला उलटा आकार देतो. हे सेकंदाला शेकडो वेळा चालते. मापक लवचीक आरशाच्या नंतर बसवलेला असल्याने त्याला दिसते ती मूळ विकृती नव्हे, तर दुरुस्तीनंतर उरलेली चूक. प्रत्येक फेरीत यंत्रणा आपलीच उरलेली चूक कमी करत जाते.

आता अवरक्तच का, याचे उत्तर मिळते. तरंगलांबी वाढली की ठिपका मोठा होतो, म्हणजे बारकाव्याचे नुकसानच. पण सपाट तुकड्याचा आकार त्याहूनही वेगाने वाढतो. दृश्य प्रकाशातला १५ सेंटिमीटरचा तुकडा २.२ मायक्रॉनला जवळपास ९० सेंटिमीटरचा होतो. १० मीटर आरशावर दृश्य प्रकाशात असे साडेचार हजारांच्या आसपास तुकडे सांभाळावे लागतील. अवरक्तात सव्वाशेच्या आसपास पुरतात आणि ते बदलतातही सावकाश. थोडा बारकावा सोडून यंत्रणा आवाक्यात आणली गेली. आकाशगंगेच्या केंद्रासाठी तर पर्यायच नव्हता. वाटेतली धूळ दृश्य प्रकाश इतका गिळते की एक लाख कोटी प्रकाशकणांमागे एखादाच आपल्यापर्यंत पोहोचतो.

त्यातूनच पुढची अडचण निघते. मापकाला पाहायला तेजस्वी तारा हवा आणि तो लक्ष्याच्या अगदी शेजारी हवा, कारण दूरच्या ताऱ्याचा प्रकाश वेगळ्या हवेतून येतो. धुळीमागे दृश्य प्रकाशाचा मार्गदर्शक तारा कुठून मिळणार? चिलीतल्या पॅरानालच्या ८.२ मीटर दुर्बिणीवर गेन्झेल यांच्या चमूने अवरक्तात पाहणारा मापक वापरला आणि केंद्रापासून काही विकलांवरचा आयआरएस-७ हा तेजस्वी तारा धरला. केकने लेसरचा मार्ग घेतला. सुमारे ९० किलोमीटर उंचीवर सोडियमच्या अणूंचा पातळ थर आहे. त्याच्यावर पिवळा लेसर सोडला की तिथे कृत्रिम तारा चमकतो. रेनॉ फुआ आणि अँतुआन लाबेरी यांनी १९८५ मध्ये लेसरच्या ताऱ्याची ही युक्ती उघडपणे मांडली होती. केकवर ती २००४ मध्ये वापरात आली. तिलाही मर्यादा आहे. लेसर त्याच हवेतून वर जातो आणि परत खाली येतो, त्यामुळे प्रतिमेचे सबंध डोलणे त्यात दिसत नाही. ते मोजायला मंद का असेना, खरा तारा लागतोच.

दुरुस्ती नीट होते आहे की नाही, हे ठिपक्याकडे पाहूनच कळते. नीट झाली तर मधोमध विवर्तनाएवढा तीक्ष्ण बिंदू, त्याभोवती फिकट कडे आणि न सुधारलेल्या प्रकाशाचे धुकट वलय दिसते. लक्ष्य मार्गदर्शक ताऱ्यापासून दूर असेल तर ठिपके त्या ताऱ्याच्या दिशेने लांबट होतात. संगणक मागे पडत असेल तर ते वाऱ्याच्या दिशेने ताणले जातात. अनुभवी निरीक्षक प्रतिमा पाहून रोग ओळखतात.

१९९० च्या दशकात दोन्ही चमू ही दुरुस्ती न करताच काम करत होते. सेकंदाच्या अंशाएवढ्या हजारो प्रतिमा घेऊन ते त्या एकावर एक जुळवत. त्यातून तेजस्वी ताऱ्यांचे स्थान मिळे, पण वर्णपट मिळत नसे, कारण त्याला प्रकाश दीर्घकाळ एकाच जागी स्थिर ठेवावा लागतो. अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स आल्यावर एस-२ चा वर्णपट मिळाला आणि त्याची आपल्याकडे येण्याजाण्याची गतीही कळली. आकाशावरची सपाट कक्षा त्यामुळे तिन्ही मितींत उभी राहिली. म्हणून माझ्या मते ही यंत्रणा या शोधाची सोबतीण नव्हे, तर अटच होती.

मे २०१८ मध्ये एस-२ कृष्णविवराच्या सर्वांत जवळून गेला, तेव्हा दोघांतले दृश्य अंतर ०.०१५ विकला होते. एवढ्यासाठी एकही आरसा पुरेसा नव्हता. पॅरानालच्या चार ८.२ मीटर दुर्बिणींचा प्रकाश ग्रॅव्हिटी या उपकरणात लाटेला लाट जुळवून एकत्र आणला गेला. त्यांच्यातले सर्वांत मोठे अंतर सुमारे १३० मीटर असल्याने हा बारकावा मिळाला. दुर्बिणींच्या मधल्या जागेत आरसाच नव्हता, तरी चालले, कारण मोजले जाते ते कडांमधले अंतर. पण प्रत्येक दुर्बिणीला आधी आपापली हवा दुरुस्त करावी लागली.

चिलीत उभी राहत असलेली ३९ मीटरची युरोपीय दुर्बीण २.२ मायक्रॉनला ०.०१४ विकलाचा ठिपका देऊ शकेल. पुण्याच्या आयुकासह भारतीय संस्था ज्यात भागीदार आहेत ती ३० मीटर दुर्बीणही याच मार्गाची आहे. युरोपीय दुर्बिणीतल्या लवचीक आरशाला पाच हजारांहून जास्त ढकलदांडे आहेत. अवरक्तासाठी ते पुरेसे आहेत. दृश्य प्रकाशात मात्र ३९ मीटरवर १५ सेंटिमीटरचे सुमारे ६७ हजार तुकडे बसतात. त्यामुळे डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांत हा आरसा त्याच्या हक्काचा बारकावा इतक्यात देऊ शकणार नाही.