टाका आधी, चीर नंतर

बोर्ली पंचतन हा श्रीवर्धन तालुक्यातला, म्हणजे रोठा सुपारीच्या वाड्यांचा मुलूख. सुपारी वर्षानुवर्षे चघळणाऱ्याच्या तोंडातली त्वचा पांढरट, ताठ होऊ शकते, गालात पट्टे हाताला लागतात. इथल्या अशा एखाद्या रुग्णाची आडवी वाढलेली खालची अक्कलदाढ काढायची आहे असे समजू. तोंड जेमतेम ३० मिलिमीटर उघडते. अशा तोंडात फ्लॅपची चूक लवकर उघडी पडते, कारण ताठ ऊती शल्यवैद्याची चूक सांभाळून घेत नाही.

विद्यार्थ्यांचे लक्ष दाढेवर असते. माझ्या मते आधी ठरवायचे ते हे, की दाढ निघाल्यावर टाका कशावर टेकणार. हाड कोरल्यावर चिरेखाली पोकळी राहिली तर कडा आत खचते आणि टाके सुटतात. म्हणून हाड जिथवर काढणार, त्याच्या पलीकडे, शाबूत हाडावर चीर हवी.

दाढेमागची चीर सरळ मागे नेण्याचा मोह होतो. पण जबड्याचे हाड तिथे गालाकडे वळते. सरळ गेलेले पाते जिभेच्या बाजूला उतरते, आणि जिभेची संवेदना नेणारी नस काही जणांत हाडाच्या कडेइतकी वर असते. म्हणून बोटाने हाड चाचपत, चीर मागे आणि बाहेर न्यायची. पुढची उभी चीर दुसऱ्या दाढेच्या कोपऱ्यापासून तिरकी पुढे उतरते, म्हणजे फ्लॅपचा पाया माथ्यापेक्षा रुंद राहतो. रक्त पायाकडूनच येते. उभी चीर गालाच्या खाचेत फार खोल नेली तर चेहऱ्याची धमनी वाटेत येते. पाते हाडापर्यंत एकाच दाबात जावे, म्हणजे अस्थिआवरण फ्लॅपबरोबर अखंड उचलले जाते. ताठ तोंडात मी उभी चीर शक्यतो टाळीन, कारण त्या ऊतीत आधीच रक्त कमी. मात्र दाढ नीट दिसत नसेल तर फ्लॅप ओढून फाडण्यापेक्षा ती चीर बरी.

पहिला टाका दुसऱ्या दाढेच्या लगेच मागे. सुई कडेपासून सुमारे ३ मिलिमीटरवर काटकोनात शिरते, सैल फ्लॅपमधून घट्ट बाजूकडे जाते. जिभेच्या बाजूला घास उथळ घ्यायचा; नस तिथेच आहे. गाठ चिरेवर नाही, गालाच्या बाजूला. कडा एकमेकींना टेकल्या की थांबायचे. कड पांढरी पडली तर टाका रक्त अडवतो आहे. तो कापून पुन्हा घाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उघडलेली जखम बहुधा अशाच ताणाची असते, पण दोष धाग्याला दिला जातो.

धागा ३-० रेशमी चालतो, पण तो सातव्या दिवसाच्या सुमारास काढावा लागतो, आणि विणलेल्या धाग्यात जंतू मुरतात. श्रीवर्धनहून पुढे बस बदलून येणारा रुग्ण टाके काढायला येईलच असे नाही. त्याला मी विरघळणारा धागा घालीन, आणि तोंड उघडायचे व्यायाम जायच्या आधीच करवून घेईन.