आठातनं चौदाशे कसं जातील?

मास्तर पोरांना प्रश्न विचारतात, पण उत्तर त्यांना आधीच ठाऊक असतं. पोराला उत्तर ठाऊक नसतं, आणि तरी ते विचारत नाही. मग या दोघांत खरा प्रश्न कुणाचा म्हणायचा? शाळा समितीवर असताना मी एक गोष्ट बघितली, तेव्हापासून हा विचार माझ्या डोक्यात आहे.

आमच्या राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव काठोकाठ भरला की पाण्याच्या भारानं ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. पावसाळ्यात एक दरवाजा उघडला तरी बातमी येते, "1428 क्युसेक विसर्ग सुरू." ती बातमी घराघरात वाचतात.

त्यावरच शाळेतल्या बाईंनी सातवीसाठी धडा बेतला होता. कागदावर ओळीनं प्रश्न काढलेले. क्षमता 8.36 टीएमसी, दरवाजा एक, तर दिवसात पाणी किती गेलं? दोन उघडले तर? पोरं गप. बाईंनी तोच प्रश्न सोपा करून विचारला, मग त्याहून सोपा करून विचारला. शेवटी म्हणाल्या, "कळलं का?" सगळी पोरं एका सुरात, "हो बाई."

हे "हो बाई" खोटं नसतं, पण खरंही नसतं. ती सुटकेची वाट असते. आपल्या न कळण्यानं बाईंची मेहनत वाया गेली असं वाटू नये, म्हणूनही पोरं हो म्हणतात.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात दोन पोरांची हुज्जत लागली. बाई डबा खाता खाता ऐकत होत्या. एक पोरगं म्हणत होतं, "आरं, धरणात हाईत आठ. एका दारातनं चालल्यात चौदाशे. आठातनं चौदाशे कसं जातील? धरण कवाच रिकामं व्हायला पायजे. माझी मावशी नदीकाठाला हाय, समदं पाणी तिच्याकडंच गेलं असंल."

बाईंनी डबा झाकला. "चूक" असं म्हणाल्या नाहीत. त्याच्याजवळ बसून म्हणाल्या, "मला नीट सांग, आठ म्हणजे काय आठ?" पोरगं अडखळलं. त्याला ते माहीतच नव्हतं, आणि वर्गात आणखी कुणालाही नव्हतं. बाईंचे सगळे प्रश्न या अडखळीच्या पलीकडचे होते.

सुट्टीनंतर त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि पोरांना हौदापाशी नेलं. हौदात पाणी किती आहे ही एक गोष्ट, तोटीतून दर सेकंदाला किती चाललंय ही दुसरी. टीएमसी म्हणजे हौदातलं पाणी, क्युसेक म्हणजे तोटीची धार. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर, आपल्या दोन कळश्या धरा. आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. आठ हा आकडा लहान दिसतो, पण त्यातला एकेक केवढा आहे!

मग हिशेब पोरांनीच केला. दिवसाचे 86,400 सेकंद, त्याला 1428 नं गुणलं. बारा कोटींवर थोडं आलं. म्हणजे एका दरवाज्यानं एक टीएमसी जायला आठ दिवस लागतात. साती दरवाजे उघडले तर तेवढंच पाणी अठ्ठावीस तासांत जातं. शिवाय हे दरवाजे भरलेल्या पातळीच्या वरचंच पाणी सोडतात, तळ उघडा पाडत नाहीत. पोराचा जीव भांड्यात पडला.

पण लगेच एका पोरीनं विचारलं, "मग पूर कशानं येतो?" हा प्रश्न बाईंच्या कागदावर नव्हता. बाई म्हणाल्या, धरणाखालीही पाऊस पडतो, आणि भोगावतीबरोबर कासारी, कुंभी, तुळशी यांचंही पाणी पंचगंगेला मिळतं. म्हणून नुसता दरवाजा बघून भागत नाही, राजाराम बंधाऱ्याची पातळीही बघावी लागते. तिथं 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका.

रानात पाणी तुंबलं तर बांधावर उभं राहून चर आखता येत नाही. चिखलात उतरून पाणी कुठं अडलंय ते पायानं चाचपावं लागतं. बाईंचे प्रश्न वाईट नव्हते, ते बांधावरून आखलेले होते.

माझ्या मते ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर विचारण्यापेक्षा ऐकण्याची जबाबदारी मोठी आहे. पोराचा प्रश्न वेडा वाटला तरी त्यामागं काहीतरी असतं. इथं मावशी होती. पुढं बाई धडा सुरू करण्याआधी विचारायच्या, "बातमीतला कुठला शब्द कळला नाही?" त्याला मात्र "हो बाई" असं उत्तर देता येत नव्हतं.