ताटी आणि काकडा

ताटीच्या अभंगांत मुक्ताई दार लावून बसलेल्या ज्ञानोबांना बाहेर बोलावते. आमच्या मुक्ताईनगरात आजी गेल्यापासून एक आजोबा असेच मुके झाले होते. कोजागिरीला काकडा सुरू झाला, तसं शेजारचे बुवा त्यांना पहाटे सोबत नेऊ लागले. 'गा' असं कुणी म्हटलं नाही, हातात फक्त टाळ दिले. काकड्यात चाल बुवा लावतात, बाकीच्यांनी ध्रुपद उचलायचं. त्यामुळे एकजण गप्प राहिला तरी अडत नाही. आठवडाभर नुसते टाळ वाजले. मग ओठ हलू लागले. एके पहाटे ध्रुपदात आवाज फुटला, चिरका, बेसूर. कुणी वळून पाहिलं नाही, हे मला फार आवडलं. त्रिपुरी पौर्णिमेला काकडा संपला. आता आजोबा सुनेला हाक मारून चहा मागतात.