संघराज्याचा हात कुठवर पोहोचतो?

अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाविषयी बोलणं निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ते युद्ध गुलामगिरीवरून नव्हतंच मुळी, राज्यांच्या हक्कांवरून होतं. दक्षिणेकडच्या राज्यांना आपला कारभार आपण करायचा होता, वॉशिंग्टनला त्यांच्यावर हुकूम चालवायचा होता, आणि गुलामगिरी हे त्या भांडणातलं निमित्त. हे वाक्य सुशिक्षित माणसंही गंभीर चेहऱ्यानं उच्चारतात. ते खरं की खोटं हे तपासायचं असेल तर युद्धाच्या सात वर्षं आधी विस्कॉन्सिन या उत्तरेकडच्या राज्यात काय घडलं ते पाहावं.

जोशुआ ग्लोव्हर हा मिसुरीतल्या एका मालकाकडून पळालेला गुलाम विस्कॉन्सिनमध्ये रसीन गावाजवळच्या लाकूड-गिरणीत मजुरी करत होता. १८५४ च्या मार्च महिन्यात एका रात्री तो आपल्या खोपटात मित्रांबरोबर पत्ते खेळत असताना त्याचा जुना मालक केंद्र सरकारच्या माणसांना घेऊन आत शिरला. ग्लोव्हरला मारहाण झाली, गाडीत टाकून त्याला मिलवॉकीच्या तुरुंगात नेलं. दुसऱ्या दिवशी शर्मन बूथ नावाच्या एका वृत्तपत्राच्या संपादकानं लोक जमवले, जमावानं तुरुंगाचं दार फोडलं आणि ग्लोव्हर पुढे कॅनडात पोहोचला.

हे सगळं ज्या कायद्याखाली चाललं होतं तो १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा. त्याची कलमं वाचताना आजही दचकायला होतं. पकडलेल्या माणसाला ज्यूरीपुढे खटला मागता येत नसे. स्वतःच्या बाजूनं साक्ष देण्याचीही त्याला बंदी. निकाल देणारा केंद्राचा आयुक्त. त्यानं माणूस मालकाच्या हवाली केला तर त्याला दहा डॉलर फी, सोडून दिला तर पाच. रस्त्यानं जाणाऱ्या कुणाही नागरिकाला मार्शल पकडापकडीत मदतीला बोलावू शकत असे, आणि पळालेल्याला आसरा दिला तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. ज्या काळात सामान्य माणसाचा केंद्र सरकारशी संबंध जेमतेम टपाल कचेरीपुरता येत असे, त्या काळात हा कायदा थेट खोपटाच्या दारापर्यंत येत होता. आणि तो मागून घेतला होता दक्षिणेनं.

बूथला अटक झाली तेव्हा राज्यांच्या हक्कांचा झेंडा उचलला विस्कॉन्सिननं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा घटनाबाह्य ठरवून बूथला सोडलं. केंद्राच्या न्यायालयानं त्याला दोषी धरलं तर राज्याच्या न्यायालयानं पुन्हा सोडवलं. अखेर १८५९ मध्ये मुख्य न्यायाधीश रॉजर टॉनी यांच्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला : केंद्राच्या ताब्यातल्या कैद्याला सोडवण्याचा अधिकार कुठल्याही राज्याच्या न्यायालयाला नाही, केंद्राचा कायदा श्रेष्ठ. हेच टॉनी दोन वर्षांपूर्वी ड्रेड स्कॉट खटल्यात म्हणाले होते की आफ्रिकन वंशाचा माणूस, स्वतंत्र असला तरी, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही.

म्हणजे केंद्र बलवान असावं की राज्यं, हा प्रश्न दक्षिणेच्या दृष्टीनं तत्त्वाचा नव्हताच. डिसेंबर १८६० मध्ये दक्षिण कॅरोलायना संघराज्यातून फुटली तेव्हा तिनं कारणांचं निवेदन काढलं. त्यातली तक्रार अशी की उत्तरेची राज्यं केंद्राचा कायदा पाळत नाहीत. यादी दिली आहे, तीत विस्कॉन्सिन आहे. न्यूयॉर्कवर तर आरोप असा की तिथली न्यायालयं मालकाला आपला गुलाम बरोबर घेऊन प्रवासही करू देत नाहीत. फुटलेल्या राज्यांनी स्वतःची नवी घटना केली, तिच्यात गुलामांवरच्या मालकीला धक्का लावणारा कायदा करायला आपल्याच काँग्रेसला बंदी घातली, आणि गुलाम घेऊन येणाऱ्या परराज्यातल्या मालकाला अडवण्याचा हक्क घटक राज्यांकडून काढून घेतला. पुढे सक्तीची सैन्यभरतीही दक्षिणेनं उत्तरेच्या जवळजवळ वर्षभर आधी सुरू केली, तेव्हा जॉर्जियाचे गव्हर्नर जोसेफ ब्राउन यांनी राज्यांच्या हक्कांच्या नावानं आपल्याच सरकारशी भांडण मांडलं. ते तरी बिचारे सुसंगत होते.

युद्धाच्या लढाया इथं सांगत बसत नाही. सहा ते साडेसात लाख माणसं मेली आणि सुमारे चाळीस लाख गुलाम मुक्त झाले. युद्धानं केंद्राची ताकद वाढवली हे तर उघडच होतं : नवं कागदी चलन आलं, प्राप्तिकर आला, राज्यांच्या बँकांच्या नोटांवर जबर कर बसवून त्या बाजारातून घालवल्या गेल्या. १८६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की एकदा संघात आलेल्या राज्याला एकतर्फी बाहेर पडता येत नाही. पण खरा प्रश्न दुसराच होता. मालकाच्या हक्कासाठी विस्कॉन्सिनच्या खोपटापर्यंत पोहोचणारा हात आता मुक्त झालेल्या माणसाच्या हक्कासाठी मिसिसिपीच्या शेतापर्यंत पोहोचणार का?

मिसिसिपीनं याचं उत्तर १८६५ संपायच्या आतच आपल्या परीनं दिलं होतं. तिथल्या नव्या कायद्यानुसार प्रत्येक कृष्णवर्णीयानं दर जानेवारीत आपल्याकडे काम असल्याचा लेखी पुरावा दाखवायचा. करार मोडून मध्येच काम सोडलं तर वर्षाची मजुरी बुडाली. आणि काम सोडून गेलेल्याला जो कोणी पकडून आणील त्याला पाच डॉलर, वर मैलामागे दहा सेंट. दर ठरवण्याची सवय गेली नव्हती.

या कायद्यांना उत्तर म्हणून चौदावी घटनादुरुस्ती आली. तिचं पहिलं कलम मुख्यतः ओहायोच्या जॉन बिंगहॅम यांनी घडवलं. त्याआधीची घटना अशी होती की भाषणस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य वगैरे हक्कांचं कुंपण फक्त केंद्र सरकारभोवती होतं. राज्यानं तेच हक्क तुडवले तर केंद्राकडे दाद नव्हती. १८३३ मध्ये न्यायालयानं तसं स्पष्टच म्हटलं होतं. बिंगहॅमनी वाक्याचा कर्ताच बदलला. आता मजकूर असा झाला की या देशात जन्मलेला माणूस आधी संघराज्याचा नागरिक आणि म्हणून राहत्या राज्याचा. कोणतंही राज्य नागरिकांचे विशेषाधिकार कापणार नाही, कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय कुणाचं जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावणार नाही, कुणाला कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही. शेवटच्या कलमानं हे अमलात आणण्याचा अधिकार काँग्रेसला दिला. ड्रेड स्कॉट तिथंच पुसला गेला. १८६८ मध्ये दुरुस्ती मंजूर झाली. पराभूत राज्यांपैकी बहुतेकांपुढे अट होती की हिला संमती द्या, तरच काँग्रेसमध्ये परत बसता येईल. संमती राजीखुशीची नव्हती हे मान्यच करायला हवं, आणि पुढच्या दुखण्याचं मूळ काही अंशी तिथं आहे.

आता १८७३ चा एप्रिल. लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात आदल्या वर्षीच्या निवडणुकीचा वाद चिघळला होता. दोन्ही पक्ष जिंकल्याचा दावा करत होते. कृष्णवर्णीय नागरिक आपल्या पक्षाचे अधिकारी टिकावेत म्हणून कचेरीची इमारत धरून बसले होते. १३ तारखेला, ईस्टरच्या रविवारी, दीडशेच्या आसपास गोरे हत्यारबंद लोक एक लहान तोफ घेऊन आले. इमारतीला आग लावली, बाहेर पडणाऱ्यांना गोळ्या घातल्या, आणि शरण आलेल्या कैद्यांना रात्री रांगेत नेऊन मारलं. मेलेल्यांचा अंदाज साठापासून दीडशेपर्यंत जातो. गोरे मेले तीन.

दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला, वॉशिंग्टनमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या खाटकांच्या खटल्याचा निकाल लागला. कत्तलखान्याचा मक्ता एका कंपनीला दिल्याविरुद्ध खाटीक चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन गेले होते. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयानं त्यांना परत पाठवलं आणि जाता जाता ठरवलं की ‘नागरिकांचे विशेषाधिकार’ म्हणजे बंदरात ये-जा करणं, परदेशात सरकारचं संरक्षण मागणं अशा किरकोळ गोष्टी. बाकीचे महत्त्वाचे हक्क पूर्वीसारखेच राज्याच्या हाती. आदल्या संध्याकाळी कोलफॅक्समध्ये काय झालं हे न्यायाधीशांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसलेल्या अमेरिकी लोकांना त्यांनी ते अर्पण केलं. जोतीरावांची कृतज्ञता योग्य माणसांना उद्देशून होती. पण त्या माणसांनी मिळवलेलं नेमकं त्याच वर्षी हातातून निसटू लागलं होतं.

न्यू ऑर्लिन्सचे सरकारी वकील जे. आर. बेकविथ यांनी कोलफॅक्सप्रकरणी ९७ जणांवर आरोप ठेवले. हाती लागले थोडे, खटला चालला नऊ जणांवर, दोषी ठरले तीन. त्यांतला एक विल्यम क्रुकशँक. आरोप खुनाचा नव्हता, कारण खून हा राज्याचा विषय; आरोप होता नागरिकांचे घटनादत्त हक्क हिरावण्याच्या कटाचा. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेही तिघं सोडले. तर्क असा : चौदावी दुरुस्ती राज्याला बांधते, खाजगी माणसांना नाही. जमावानं माणसं मारली तर पीडितांनी आपल्या राज्याकडे जावं. राज्य डोळे मिटून बसलं असेल तर काय, याचं उत्तर निकालात सापडत नाही.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की मामला स्वच्छ दिसतो. १८५९ मध्ये एका मालकाच्या एका गुलामापायी केंद्राचा कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला बाजूला सारून गेला. १८७६ मध्ये कितीतरी नागरिकांच्या प्रेतांपर्यंत तो पोहोचू शकला नाही. हे मी मागाहून शहाणपण सांगत नाही. १८८३ मध्ये याच न्यायालयानं खाणावळी, नाटकगृहं आणि आगगाड्यांतला वर्णभेद बंद करणारा कायदा रद्द केला तेव्हा न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी एकट्यानं विरोधी मत दिलं आणि हेच विचारलं : मालकांच्या हक्कासाठी काँग्रेसचा अधिकार खाजगी माणसांपर्यंत पोहोचत होता, तर स्वातंत्र्यासाठी का नाही? हार्लन केंटकीतल्या, गुलाम बाळगणाऱ्या घरातले.

तरीही चौदाव्या दुरुस्तीचे शब्द घटनेत होते तसेच राहिले, आणि विसाव्या शतकात न्यायालयानं एकेक करून ते पुन्हा वापरात आणले. १९५७ मध्ये आर्कान्सॉच्या लिटल रॉक गावात नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत शिरू न देण्यासाठी गव्हर्नरनं राज्याची फौज उभी केली, आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी केंद्राची छत्रीफौज पाठवली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं राज्याला बजावलं की संघराज्याच्या घटनेपुढे तुमचं चालणार नाही, आणि आधारासाठी ज्या जुन्या निकालांचा दाखला दिला त्यांत टॉनींचा १८५९ चा निकाल होता, ग्लोव्हर-प्रकरणातला.

क्रुकशँकची फट मात्र बुजली नाही. खाजगी भेदभावापर्यंत चौदावी दुरुस्ती जात नाही हा नियम कायम असल्यामुळे १९६४ चा नागरी हक्क कायदा मुख्यतः दुसऱ्याच कलमावर उभा करावा लागला : राज्याराज्यांतल्या व्यापाराचं नियमन. बर्मिंगहॅममधल्या ‘ऑलीज बार्बेक्यू’ या खाणावळीत गोऱ्यांना टेबल मिळे, काळ्यांना फक्त पुडा बांधून. मालकांचं म्हणणं, धंदा आमचा, गिऱ्हाईक गावचं, केंद्राचा संबंध काय? न्यायालयानं हिशेब पाहिला. खाणावळीनं वर्षभरात सुमारे दीड लाख डॉलरचा माल घेतला होता, त्यापैकी ६९,६८३ डॉलरचं मांस बाहेरच्या राज्यातून आलेलं होतं. तेवढ्यावर केंद्राचा कायदा लागू झाला, आणि काळ्या गिऱ्हाइकाला टेबल मिळालं.