ड्रायर का महागला?

अमेरिकन घरात कपडे धुण्याच्या मशीनशेजारी तेवढ्याच उंचीचं, त्याच रंगाचं दुसरं मशीन उभं असतं. ते ड्रायर. धुतलेले कपडे पहिल्यातून काढायचे, दुसऱ्यात टाकायचे आणि तासाभराने कोरडे झाले की घड्या घालायच्या, ही तिथली रीत. ही दोन मशीन बहुधा जोडीनेच विकत घेतली जातात. 2018 च्या फेब्रुवारीत अमेरिकन सरकारने या जोडीतल्या वॉशिंग मशीनवर जबर आयात शुल्क लावलं. वर्षाला पहिल्या 12 लाख मशीनवर 20 टक्के आणि त्यापुढच्या प्रत्येक मशीनवर 50 टक्के. ड्रायरवर काहीच शुल्क नव्हतं. तरीही पुढच्या काही महिन्यांत दोन्ही मशीन जवळजवळ सारखीच महागली. वॉशिंग मशीनमागे साधारण 86 डॉलर जास्त जाऊ लागले आणि ड्रायरमागे 92.

ज्या वस्तूला शुल्काने हातही लावला नव्हता, ती का महागावी? आरॉन फ्लायन, अली होर्ताच्सू आणि फेलिक्स टिंटेलनॉट या तीन अर्थशास्त्रज्ञांनी दुकानांतल्या किमतींचा माग काढून त्याचं उत्तर शोधलं. गिऱ्हाईक जोडी घेतं आणि जोडीचा एकूण आकडा पाहतं. सगळी वाढ एकट्या वॉशिंग मशीनवर टाकली तर ती डोळ्यांत खुपते. दोन्हींवर सारखी वाटली की कुणाच्या लक्षात येत नाही. आणि दर वाढवणाऱ्यांत फक्त परदेशी कंपन्या नव्हत्या. शुल्काची झळ ज्यांना लागतच नव्हती, त्या अमेरिकेत मशीन बनवणाऱ्या कंपन्यांनीही आपल्या किमती तेवढ्याच चढवल्या. स्पर्धकाचा माल महाग झाल्यावर आपला स्वस्त ठेवण्याचं त्यांना कारणच उरलं नव्हतं. संरक्षक शुल्काचा अर्थ लोक असा लावतात की परदेशी माल महाग होतो. खरी रक्कम दडलेली असते ती देशी मालाच्या वाढलेल्या किमतीत. परदेशी मालावरचं शुल्क निदान सरकारी तिजोरीत जमा होतं, ही दुसरी रक्कम थेट उत्पादकाच्या खिशात जाते.

हे शुल्क आलं कसं, ती हकीकत तपशिलाने पाहण्यासारखी आहे. व्हर्लपूल ही अमेरिकन कंपनी. ओहायो राज्यातल्या क्लाइड गावी तिचा वॉशिंग मशीनचा मोठा कारखाना आहे. सॅमसंग आणि एलजी या कोरियन कंपन्यांनी तिच्या बाजारात मुसंडी मारली, तेव्हा 2011 च्या अखेरीस व्हर्लपूलने सरकारकडे पहिला अर्ज केला. कोरिया आणि मेक्सिकोतून येणारी मशीन अवाजवी कमी दराने विकली जातात, ही तक्रार. शुल्क लागलं. कोरियन कंपन्यांनी अमेरिकेसाठीचं उत्पादन चीनला हलवलं. 2015 च्या अखेरीस दुसरा अर्ज, या वेळी चीनविरुद्ध. शुल्क पुन्हा लागलं, तोवर उत्पादन थायलंड आणि व्हिएतनामकडे निघालं होतं. या दोन्ही फेऱ्यांत अमेरिकन गिऱ्हाइकाच्या खिशाला फारशी चाट बसली नाही, कारण माल दुसऱ्या दाराने येतच राहिला. मग 2017 च्या मे महिन्यात तिसरा अर्ज झाला, तो 1974 च्या व्यापार कायद्यातल्या अशा कलमाखाली, की ज्यात देशाचं नाव घ्यावंच लागत नाही. माल कुठूनही येवो, आयात वाढली आणि देशी उद्योगाला गंभीर इजा झाली एवढं दाखवलं की पुरे. आता जवळपास सगळीच दारं बंद झाली आणि त्यानंतरच किमती उसळल्या. कोणतं शुल्क खरोखर चावणार आणि कोणतं फक्त कारखान्यांचे पत्ते बदलणार, हे ओळखायची खूण इथेच सापडते: माल दुसऱ्या देशातून आणण्याची वाट मोकळी आहे की नाही.

सहा वर्षं, तीन अर्ज. प्रत्येक अर्जामागे वकील, हिशेबनीस, हजारो पानांची कागदपत्रं आणि वॉशिंग्टनच्या खेपा. व्हर्लपूलला हा खर्च परवडत होता, कारण जिंकल्यावर मिळणारं जवळजवळ सगळं मोजक्या दोन-तीन कंपन्यांतच वाटलं जाणार होतं.

आता दुसरी बाजू. वर सांगितलेल्या अभ्यासाप्रमाणे या शुल्कापायी अमेरिकन ग्राहकांनी वर्षाला सुमारे दीडशे कोटी डॉलर जास्त मोजले. सरकारला शुल्कापोटी मिळाले सव्वाआठ कोटींच्या आसपास. नव्या नोकऱ्या साधारण 1,800 निर्माण झाल्या. त्यातल्या बहुतेक सॅमसंग आणि एलजीने अमेरिकेत उभारलेल्या कारखान्यांतल्या होत्या, व्हर्लपूलच्या वाट्याच्या जेमतेम 200. तिजोरीत आलेली रक्कम वजा केली तरी एका नोकरीमागे ग्राहकांनी वर्षाला सुमारे आठ लाख डॉलर भरले. त्या कामगाराच्या पगाराच्या हे कितीतरी पट होतं.

एवढं असूनही कुणी रस्त्यावर आलं नाही. अमेरिकेत 2018 मध्ये साधारण पावणेतेरा कोटी कुटुंबं होती. दीडशे कोटी डॉलर त्यांच्यात वाटले तर कुटुंबामागे वर्षाला बारा डॉलर येतात. प्रत्यक्षात मशीन घेणाऱ्यालाच भुर्दंड पडतो आणि तोही दहा-बारा वर्षांतून एकदा. मागच्या खेपेची किंमत त्याला आठवत नसते. दुकानातल्या चिठ्ठीवर एकच आकडा असतो, त्यातला कितवा भाग शुल्कापायी आला हे लिहिलेलं नसतं. ड्रायर घेणाऱ्याला तर आपण एका शुल्काची किंमत मोजतो आहोत हे कळण्याची सोयच नव्हती. आणि कळलं असतं तरी शंभर-दोनशे डॉलरसाठी वकील कोण लावतो? अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो पारेटोने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच हे मांडलं होतं: तीन कोटी लोकांकडून प्रत्येकी एक फ्रँक काढून तीस जणांना प्रत्येकी दहा लाख देणारा कायदा असेल, तर ते तीस जण रात्रंदिवस झटतील आणि तीन कोटींतला कुणी बोटही हलवणार नाही. मॅन्सर ऑल्सन या अर्थशास्त्रज्ञाने 1965 मध्ये त्यात एक महत्त्वाची भर घातली. विखुरलेल्या माणसाचं गप्प बसणं त्याच्या दृष्टीने अगदी शहाणपणाचं असतं. लढा जिंकला तर फायदा सगळ्यांनाच मिळणार, न लढणाऱ्यालाही. मग लढायचं आपणच का?

या प्रकरणात एक भाग असा आहे की तो मला फार बोलका वाटतो. शुल्क लागून महिना-दीड महिना झाला असेल, तोच 2018 च्या मार्चमध्ये पोलादावर 25 टक्के आणि ॲल्युमिनियमवर 10 टक्के शुल्क आलं. वॉशिंग मशीन म्हणजे मुख्यतः पोलादी पत्रा. संरक्षण मागणारी व्हर्लपूल आता दुसऱ्याच्या संरक्षणाची गिऱ्हाईक झाली आणि कच्च्या मालाचा वाढलेला खर्च सोसू लागली. पोलाद बनवणारे थोडके आणि संघटित आहेत. पोलाद वापरणारे असंख्य आहेत: मोटारी, भांडी, कपाटं, यंत्रांचे सुटे भाग करणारे. वॉशिंग मशीनच्या बाजारात बलवान असलेली कंपनी पोलादाच्या बाजारात त्या असंख्यांपैकी एक ठरली.

आपल्याकडच्या यंत्रणेची घडणही याहून वेगळी नाही. अवाजवी स्वस्त आयातीविरुद्ध शुल्काची चौकशी वाणिज्य मंत्रालयाचं व्यापार उपाय महासंचालनालय करतं. अर्ज देशी उत्पादक करतात, इजा मोजायची ती देशी उत्पादकांची. त्यांची विक्री घटली का, नफा घसरला का, क्षमता पडून राहिली का? माल वापरणाऱ्या उद्योगांना, आणि किरकोळ विक्रीची वस्तू असेल तर ग्राहक संघटनांनाही, म्हणणं मांडायची मुभा 1995 च्या नियमांत आहे. दार उघडं आहे, पण आत जायला हिशेब लागतो, वकील लागतो, दिल्लीची वारी लागते. पॉलिस्टर धाग्याचा कच्चा माल असलेल्या पीटीए या रसायनावर 2014 पासून असं शुल्क होतं. ते बनवणाऱ्या देशी कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्याच्यापुढची साखळी सूत काढणाऱ्यांपासून भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांपर्यंत पसरलेली. 2020 च्या अर्थसंकल्पात ते शुल्क रद्द झालं. त्यासाठी वस्त्रोद्योगाच्या संघटनांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली होती. पॉलिस्टरची साडी नेसणाऱ्या बाईचा आवाज त्यात कुठेच नव्हता. तिचं हित साधलं गेलं ते मधल्या उद्योगांचं आणि तिचं हित या एका बाबतीत जुळलं म्हणून.

इथे नाशिककडचा वाचक मला अडवेल, आणि त्याने अडवावंच. विखुरलेला ग्राहक नेहमी हरतो म्हणता, मग कांद्याचं काय? ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, 8 डिसेंबरला निर्यातबंदी आली. लासलगावच्या बाजारात भाव कोसळले, लिलाव बंद पडले. तिथे शहरी ग्राहक जिंकला आणि ज्याच्या उपजीविकेवर घाला आला तो शेतकरी हरला. हा आक्षेप खरा आहे आणि त्याने वरच्या सिद्धान्ताची मर्यादा नेमकी दिसते. कांदा आठवड्यातून दोनदा घेतला जातो. किलोचा भाव घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो आणि तो चढतो तेव्हा महिन्याभरात दुप्पट होतो. अशा किमतीविरुद्ध ग्राहकाला संघटना बांधावी लागत नाही. 1998 मध्ये दिल्ली राज्याचं सरकार गेलं त्यात कांद्याचा वाटा होता, हे कुठलाही पक्ष विसरलेला नाही. उलट कांदा उत्पादक लाखो, लहान आणि आपापसांत विखुरलेले. म्हणजे सरकारपुढे उभं राहायला संख्या पुरत नाही. आपला तोटा आपल्याला स्वच्छ दिसावा लागतो आणि तो सरकारला वेळेवर दिसावा लागतो. शेतकऱ्याचा तोटा सरकारला दिसला तो लोकसभेच्या मतदानाच्या तोंडावर. बंदी 4 मे 2024 ला उठली, तरी नाशिक आणि दिंडोरीत सत्ताधाऱ्यांना हार पत्करावी लागली.

क्लाइडच्या कामगारालाही मी याच न्यायाने पाहतो. त्याची नोकरी खरी आहे, ती गेली तर त्याचं घर मोडतं. त्याला मदत मिळावी, पण ती अंदाजपत्रकातून मिळावी, जिथे रक्कम लिहावी लागते आणि दर वर्षी तिच्यावर चर्चा होते. शुल्कातून दिलेली मदत कुठल्याच वहीत उमटत नाही.

वही ठेवता येते, हे ऑस्ट्रेलियाने दाखवलं. आल्फ रॅटिगन 1963 मध्ये तिथल्या टॅरिफ बोर्डाचे अध्यक्ष झाले. कोणत्या उद्योगाला किती संरक्षण मिळतं आणि त्याचा बोजा कुणावर पडतो, याचं मोजमाप त्यांनी सुरू करवलं, मंत्र्यांची नाराजी पत्करून. पुढे त्या बोर्डाचंच रूपांतर होत आजचा उत्पादकता आयोग झाला. तो उद्योगांना मिळणाऱ्या संरक्षणाचा आणि मदतीचा हिशेब जाहीर करत आला आहे. मोटारींवरचं ऑस्ट्रेलियन शुल्क एके काळी 57.5 टक्के होतं, ते टप्प्याटप्प्याने 2010 पर्यंत पाच टक्क्यांवर आलं. त्याला राजकीय धैर्यही लागलं. पण वाद घालणाऱ्यांच्या हातात आकडे होते.

आपल्या राजपत्रात शुल्काची अधिसूचना येते तेव्हा तिच्यात वस्तूचं वर्णन, देशांची नावं आणि दर असतो. त्याखाली आणखी दोन ओळी छापणं अवघड नाही: या शुल्काने वापरणाऱ्यांना वर्षाला किती रुपये जास्त मोजावे लागतील, आणि ते साधारण किती कंपन्यांकडे जातील. कांद्याची निर्यात रोखणाऱ्या अधिसूचनेखालीही अशीच ओळ हवी, लासलगाव, पिंपळगाव, चाकणच्या शेतकऱ्याचे क्विंटलमागे किती रुपये गेले ते सांगणारी.