‘मी कृतज्ञ आहे’ याऐवजी: हे माझ्यापर्यंत कुठून आलं?



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या दहा ते सोळा या श्लोकांवर. हे यज्ञाचे श्लोक म्हणून आपण भरभर वाचून पुढे जातो. यज्ञ म्हटलं की डोळ्यांसमोर होमकुंड आणि धूर येतो, आणि आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत त्याचं काय काम, असं वाटतं. पण रात्री झोपण्याआधी कृतज्ञतेची वही लिहिणाऱ्यांसाठी या सात श्लोकांत फार कामाची गोष्ट आहे. भगवंत इथे कुठेच ‘आभार मान’ असं म्हणत नाहीत. ते एक साखळी दाखवतात: प्राणी अन्नातून, अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून, यज्ञ कर्मातून. एकेक कडी मागे जायची. म्हणजे प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न आहे, हे आलं कुठून?

‘कृतज्ञ’ हा शब्दही तेच सांगतो. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी जे केलं गेलं ते ज्याला माहीत आहे, तो कृतज्ञ. इथे भावनेच्या आधी माहिती आहे. आणि माहिती हवी असेल तर विधान करून भागत नाही, विचारावं लागतं. चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवायचे मार्ग सांगताना नमस्कार आणि सेवा यांच्या मधोमध ‘परिप्रश्न’ येतो. नम्रपणे, पुन्हा पुन्हा, सगळ्या बाजूंनी विचारणं.

आता वहीकडे येऊ. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक वह्यांत रोज लिहायची वाक्यं दिलेली असतात: मी माझ्या आरोग्यासाठी कृतज्ञ आहे, मी माझ्या कुटुंबासाठी कृतज्ञ आहे. वाक्यं वाईट नाहीत. पण ती कालच्या पानावरून आजच्या पानावर जशीच्या तशी उतरवता येतात, आजचा दिवस प्रत्यक्षात कसा गेला हे न बघता. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डकोडेड उत्तर: इनपुट काहीही द्या, आउटपुट तेच. प्रश्नाचं तसं होत नाही. ‘आज कोणाच्या कामामुळे माझं काम अडलं नाही?’ याचं उत्तर लिहायला आजचा दिवस उघडून बघावाच लागतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन बघू. मी पुण्यात राहतो, म्हणून पाण्याचा पेला घेतो. विधान असं होईल: मी पाण्यासाठी कृतज्ञ आहे. झालं, पान बंद. आता तेच विचारून बघा: आज सकाळी प्यायलेलं पाणी माझ्यापर्यंत कुठून आलं?

नळातून. नळात गच्चीवरच्या टाकीतून. टाकीत कसं चढलं? पहाटे वॉचमनकाकांनी पंप चालू केला म्हणून. ते पाच मिनिटं जास्त झोपले तर पहिल्यांदा कळतं आम्हा वरच्या मजल्यावरच्यांना. खालच्या हौदात ते महापालिकेच्या लाइनमधून आलं. त्याआधी पर्वतीसारख्या जलशुद्धीकरण केंद्रात कोणीतरी रात्रपाळीला जागं होतं. केंद्रात ते आलं खडकवासल्यातून. आणि खडकवासल्यात? वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही तीन धरणं आहेत. आंबी, मोसे आणि मुठा या नद्यांचं पाणी तिथे अडतं आणि गरजेप्रमाणे खाली सोडलं जातं. नद्यांत ते आलं सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळलेल्या पावसातून. म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळी मी पितो तो जुलै-ऑगस्टमधला पाऊस, कोणीतरी माझ्यासाठी साठवून ठेवलेला. भगवंतांची साखळी बघा कशी जुळते: वरच्या टोकाला पाऊस, आणि खाली माझ्या पेल्यापर्यंत नुसतं माणसांचं कर्म.

पण प्रश्न इथे थांबू देत नाही. धरणाच्या जागी आधी काय होतं? गावं होती, शेतं होती, देवळं होती. ती पाण्याखाली गेली आणि तिथली माणसं उठून दुसरीकडे गेली. माझा पेला भरतो त्यात त्यांच्या जमिनीचा वाटा आहे. याच पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, खडकवासलाही टिकलं नाही आणि मुठेचा लोंढा पुण्यात शिरला. ज्यांच्या घरात तो पूर आठवणारे आजी-आजोबा आहेत त्यांनी जरूर विचारावं. ‘पाण्यासाठी कृतज्ञ आहे’ या वाक्यात यातलं काहीच मावत नाही. बाराव्या श्लोकात भगवंत एक कडक शब्द वापरतात. मिळालेलं भोगायचं आणि ज्यांच्याकडून मिळालं त्यांना काहीच द्यायचं नाही, अशा माणसाला ते चोर म्हणतात. मला पूर्वी हा शब्द जरा जास्तच वाटायचा. बुडालेल्या शेतांपर्यंत साखळी मागे नेली की तो नेमका वाटतो.

अर्थात रोज एवढी लांब साखळी काढायची नाही. महिन्यातून एखादा रविवार पुरे. रोजच्या रात्रीसाठी एक छोटा प्रश्न आणि दोन-तीन ओळींचं उत्तर.

तो प्रश्न कसा असावा? मराठीत एक सोय आहे आणि एक धोका. ‘का’ हा शब्द वाक्याच्या शेवटी आला की उत्तर हो किंवा नाही एवढंच उरतं: आज मी कोणाचे आभार मानले का? हो. संपलं. तोच ‘का’ आधी आला की जाब विचारल्यासारखं होतं: मी आज आईला फोन का केला नाही? रात्री अकरा वाजता स्वतःची उलटतपासणी घेऊन झोप लागत नाही, आणि वही दुसऱ्या आठवड्यात ड्रॉवरमध्ये जाते. तिसरा प्रकार ‘ना’चा: देव किती दयाळू आहे ना? हे विधानच आहे, फक्त प्रश्नचिन्हाची टोपी घातलेलं. म्हणून मी कोण, कुठून, कसं, कधी यांच्यावरच राहतो. शिवाय प्रश्नात ‘आज’ हवा, आणि ‘तू’ऐवजी ‘मी’ किंवा ‘माझ्यापर्यंत’ हवं. ‘तुला आज कोणी मदत केली?’ म्हटलं की समोर कोणीतरी छडी घेऊन उभं राहतं. ‘माझ्यापर्यंत आज कोणाची मदत पोचली?’ यात कोणीच उभं नसतं.

तरीही महिनाभरात उत्तरं शिळी होतात. ओळखायची खूण सोपी आहे: पेन उचलायच्या आधीच उत्तर माहीत असेल, किंवा तीन दिवस ओळीने ‘आरोग्य, कुटुंब, नोकरी’ असे मोठे मोठे शब्द येत असतील, तर प्रश्न बदलायची वेळ झाली. जिवंत उत्तरात काल लिहिताच आलं नसतं असं काहीतरी असतं. अशा वेळी आपल्याकडची पंचमहायज्ञांची जुनी विभागणी उपयोगी पडते. देव, ऋषी, पितर, माणसं आणि इतर जीव, या पाच दिशांनी आपल्याकडे काही ना काही येत असतं. सोमवार ते शुक्रवार एकेक दिशा घ्यायची. माझ्या वहीत सध्या हे पाच आहेत:

आज ऊन, वारा, पाऊस यांतलं काय माझ्यापर्यंत पोचलं?

आज मी सहज करून गेलो ते काम मला पहिल्यांदा कोणी शिकवलं होतं?

आज माझ्या बोलण्यात घरातल्या कोणाची लकब डोकावली?

आज कोणाच्या कामामुळे माझं काम अडलं नाही?

आज कोणत्या मुक्या जिवाशी माझी गाठ पडली?

दुसरा प्रश्न, ऋषींचा, मला सगळ्यात आवडतो. त्याचं उत्तर कधी शाळेतल्या गणिताच्या बाईंकडे जातं, तर कधी पहिल्या नोकरीत माझ्या शेजारी खुर्ची ओढून कोडमधली चूक शोधायला शिकवणाऱ्या एका सीनियरकडे. पाचव्याचं उत्तर मात्र शहरात बऱ्याचदा कोरं राहतं. राहू दे. ते कोरेपणही माहितीच आहे.

कोरं राहू देणं महत्त्वाचं आहे, कारण वाईट दिवसांत प्रश्न आणि विधान यांतला फरक खरा कळतो. दोन वर्षांपूर्वी बाबा अकरा दिवस आयसीयूत होते. त्या रात्री ‘मी आरोग्यासाठी कृतज्ञ आहे’ असं लिहिणं शक्य नव्हतं, आणि लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. प्रश्न मात्र विचारता येत होता. तिसऱ्या रात्री विचारलं, आज बाबांपर्यंत कोण पोचलं? उत्तर आलं: रात्रपाळीच्या मावशी. त्यांनी कापूस ओला करून बाबांचे ओठ पुसले होते, आणि जाताना मला म्हणाल्या होत्या, ‘दादा, तुम्ही खाऊन घ्या, मी आहे इथं.’ वहीत एवढीच ओळ आहे. सहाव्या रात्री त्याच प्रश्नाखाली मी लिहिलंय, ‘आज नाही सुचत.’ त्यालाही मी उत्तरच समजतो. दुःखात असलेल्या माणसाला ‘कृतज्ञ राहा’ असं सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्याजवळ बसून ‘आज कोण आलं होतं?’ एवढं विचारावं.

उरला बाराव्या श्लोकातला परतफेडीचा भाग. ‘यातलं मी पुढे काय देऊ शकतो?’ हा प्रश्न मी रोज विचारत नाही. रोज विचारला की वहीचं टिकेट-बोर्ड होतं, आणि ऑफिसात तेवढं एक पुरेसं आहे. तो शनिवारचा. आठवड्याची पाच उत्तरं वाचायची आणि त्यातल्या एकाच्या दिशेने काहीतरी परत पाठवायचं. पाण्याच्या त्या साखळीनंतर आमच्या घरी फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत जमा होऊन फरशी पुसायला जायला लागलं. गणिताच्या बाईंना पत्र लिहिलं. त्यांचा फोन आला, आणि अर्धा तास त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

मावशींचं नाव मी तेव्हा विचारलं नव्हतं. डिस्चार्जनंतर महिन्याभराने पेढे घेऊन गेलो तर त्या काम सोडून गावी गेल्या होत्या. पेढे त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या दुसऱ्या मावशींना दिले. त्यांनी आधी दोन पेढे वेगळे काढून पदराला बांधले, नातवासाठी, आणि मग बाकीचे वाटले.

उद्या सतरावा श्लोक.